१७ सप्टेंबरच्या परिसंवादाला नाही म्हणायचंय आणि दुसरं नाव द्यायचंय. कसं करू?

शिलालेखवाली

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. परभणीकडच्या एका महाविद्यालयानं मुक्तिसंग्राम दिनाला परिसंवाद ठेवलाय. विषय 'मुक्तिसंग्रामातील स्त्रिया', चार वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटं. मला काल फोन आला. फोन करणारे सर म्हणजे मला एम. ए.ला शिकवलेले सर, त्यामुळं फोनवर "हो सर, बघते सर" एवढंच तोंडातून निघालं.

माझं काम यादवकालीन शिलालेखांवर आहे. अंबाजोगाईच्या खोलेश्वराच्या लेखांवर बोलायला सांगा, तासभर बोलेन. या विषयावर मात्र मी फार तर दोन पुस्तकं वाचून जाईन. दगडाबाई शेळक्यांचं नाव घेईन, स्वातंत्र्यसैनिकांच्या उमरखेडच्या कॅम्पचा उल्लेख करीन, आणि दरवर्षी सगळे जे बोलतात तेच बोलून खाली बसेन.

उलट हिंगोली जिल्ह्यातल्या एक जिल्हा परिषदेच्या शिक्षिका मला माहीत आहेत. त्यांनी निजामाच्या राज्याच्या सरहद्दीलगतच्या गावांतून म्हाताऱ्या बायांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवल्यात. कॅम्पावर भाकरी कोण पोचवायचं, निरोप कोण न्यायचं, रझाकार आले की घरातली पोरं कुठं लपवायचे, असं सगळं. त्यातल्या बऱ्याचजणी आता हयात नाहीत. तिथं बोलायला हव्यात त्या या बाई. पण त्यांच्या नावामागं डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही.

सरांना न दुखवता नाही कसं म्हणू? आणि बाईंचं नाव असं कसं देऊ की त्यांना खरंच बोलावतील? आधी कुणाशी बोलू, सरांशी की बाईंशी?

कापूसकोंड्या

सोप्पंय. तब्येत बरी नाही सांगा. कंबर. कंबरेला कुणी रिपोर्ट मागत नाही.

उदगीरचा पाहुणा

@कापूसकोंड्या, भाऊ, १७ सप्टेंबरला मॅडमला स्वतःच्या कॉलेजात झेंड्याला उभं राहायचंय. त्याचा फोटो दुपारपर्यंत दहा ग्रुपवर येतोय. मग सर म्हणतील, कंबर लई लवकर बरी झाली की पोरीची.

साधा श्रोता

तारीख जमत नाही असं सांगा. त्या दिवशी आधीच एक कार्यक्रम घेतलाय म्हणा. १७ सप्टेंबरला तर हे कुणालाही पटतं. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी मुक्तिसंग्रामावर बोलणाऱ्या एकेका माणसाला चार-चार ठिकाणची बोलावणी असतात.

गोदातीर

मी गावच्या व्याख्यानमालेचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणजे या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय. तिकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

वक्ता नाही म्हणाला याचं संयोजकाला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते 'बघतो' म्हणून आठ दिवस अडकवून ठेवल्याचं. तेवढ्यात पत्रिका छापायला जाते, बॅनरचा मजकूर जातो, आणि नाव काढायचं म्हटलं की सगळं पुन्हा. तेव्हा शिलालेखवाली ताई, तुमचं 'बघते' अजून ताजं आहे तोवर उत्तर द्या. आज संध्याकाळ उत्तम.

दुसरं, @साधा श्रोता यांचं तारखेचं कारण. संयोजक कारण ऐकतो ते ती अडचण सोडवण्यासाठी. तारीख जमत नाही म्हणालात तर तो म्हणेल, मग आपण १८ ला ठेवू, नाहीतर १६ ला ठेवू. प्रवास लांब पडतो म्हणालात तर गाडी पाठवतो. तयारीला वेळ नाही म्हणालात तर तुम्ही काय, ऐनवेळी उभ्या राहिलात तरी बोलाल. प्रत्येक खोट्या कारणाला एक खरं उत्तर असतं आणि तुम्ही त्यात अडकता. ताईंचं खरं कारण 'हा माझा विषय नाही' हे आहे. त्यावर संयोजकाला करण्यासारखं काही नसतं, त्याला दुसरा माणूसच शोधावा लागतो. आणि नेमकं तिथंच तुम्हाला नाव द्यायचंय. म्हणून हेच कारण द्या, एकच द्या. तीन कारणं दिली की त्यातलं सर्वांत कच्चं कारण पकडून बोलणं सुरू होतं.

साधा श्रोता

@गोदातीर, मान्य. पण 'माझा विषय नाही' म्हटलं की "अहो, इतिहासच ना?" असं ऐकायला मिळतं त्याचं काय?

गोदातीर

मिळतं. म्हणून आपला विषय काय ते एका वाक्यात सांगून टाकायचं. "मी तेराव्या शतकातले दगड वाचते" म्हटलं की समोरच्याला सातशे वर्षांचं अंतर बरोबर कळतं.

मोसंबी बाग

वक्ता पाहिजे का तुम्हाला? माझे मामा बदनापूरला असतात, वीररसाच्या कविता करतात, मुक्तिसंग्रामावर दोन आहेत. मानधनाची अपेक्षा नाही, जाण्यायेण्याचं बघा फक्त. सांगा, नंबर देतो.

शिलालेखवाली

@मोसंबी बाग, दादा, मला वक्ता नकोय. मला वक्ता म्हणून बोलावलंय आणि मला जायचं नाहीये.

मोसंबी बाग

मग तुमच्या जागी मामा.

उदगीरचा पाहुणा

😂 बगा काका, नाव सुचवायचं ते असं. धाग्यातला पयला अर्ज आला.

ताई परभणीकर

हसण्यावारी नेऊ नका, खरोखर असंच होतं. मी एका महाविद्यालयात कार्यक्रमांचं बघते. नाही म्हणणारे बरेचजण जाता जाता एक नाव टाकून जातात आणि त्या नावाचा विषयाशी संबंध कमी, नात्याशी जास्त असतो. एकांनी बंधाऱ्यांवरच्या चर्चेसाठी आपल्या साडूंचं नाव दिलं होतं. साडू विमा एजंट. त्यामुळं आमच्याकडं आता 'दुसरं नाव' म्हटलं की आम्ही वहीत लिहून घेतो आणि विसरतो.

शिलालेखवाली ताई, तुमच्या बाईंचं नाव असं विसरलं जाऊ नये असं वाटत असेल तर 'चांगल्या बोलतात' एवढं पुरायचं नाही. मला संयोजक म्हणून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत. या विषयावर त्यांनी स्वतः काय केलंय, तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय का, आणि त्या दिवशी त्या मोकळ्या आहेत का. तिसरी गोष्ट नसली तर तुमच्या सुचवण्यानं माझं काम वाढतंच.

मधली गोष्ट फार महत्त्वाची. उत्तम काम करणारा माणूस व्यासपीठावर कागदातून मान वर काढत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिलंय. ऐकलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा: "काम माहीत आहे, भाषण ऐकलेलं नाही." मग आम्ही भाषणाऐवजी मुलाखत ठेवतो. प्रश्न विचारणारा चांगला असला की असे लोक फार सुंदर खुलतात.

शिलालेखवाली

@ताई परभणीकर, ऐकलंय. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत अर्धा तास बोलल्या होत्या. मोबाईलवरून एका आजींचा आवाज ऐकवला. आजी सांगत होत्या, कॅम्पावरच्या पोरांसाठी ज्वारीच्या भाकरी धडप्यात बांधून वर शेणाच्या गोवऱ्या रचायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन निघायचं. कुणी अडवलं तर गोवऱ्या घेऊन चालले म्हणायचं. एका गोवरीला भाकरीची वाफ लागून ती ओली झाली आणि शिपायानं तिलाच हात लावला, इथपर्यंत सांगून आजी हसायला लागल्या. पुढं काय झालं ते कार्यशाळेत कुणी विचारलंच नाही, चहा आला.

बालाघाट

हे पुढं काय झालं ते कळायलाच पाहिजे. त्यांना बोलवाच.

नळदुर्गकर

जरा विषयांतर. आमच्या धाराशिवकडं बार्शीच्या बाजूच्या कॅम्पांबद्दल असंच बरंच सांगतात. पण दरवर्षी १७ तारखेला भाषणं ऐकावी तर तीच: १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आल्या, १७ ला निजाम शरण आला, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, जय हिंद. एवढं शाळेतल्या पोरांना पाठ आहे. पाच दिवसांची लष्करी कारवाई सगळ्यांना सांगता येते, त्याआधीचं वर्षभर गावांत काय चाललं होतं ते सांगणारे फार थोडे.

साधा श्रोता

कारण गावातलं कागदावर नाही. आणि कागदावर जे आहे त्यातलं बरंचसं उर्दूत आहे. निजामाच्या राज्याचा कारभारच उर्दूत. आजचे किती प्राध्यापक ते वाचतात?

नळदुर्गकर

माझे आजोबा वाचायचे. सातवीपर्यंत उर्दू माध्यम. जमिनीचे जुने कागद घेऊन गावातले लोक त्यांच्याकडंच यायचे.

गोदातीर

मंडळी, उर्दूचा धागा वेगळा काढा, मी येतो तिकडं. इथं ताईंचा तिसरा प्रश्न राहिलाय, आधी कुणाशी बोलायचं. लोक घसरतात ते इथंच.

आधी बाईंना फोन करून "तुम्ही १७ ला परभणीला बोलायचं" असं सांगितलंत तर जे आमंत्रण तुमच्या हातात नाही ते तुम्ही देऊन बसता. बाई तयारीला लागतात, रजेचा अर्ज देतात, घरी सांगतात, आणि तिकडं सरांनी तोवर आपल्या ओळखीच्या कुणाला तरी पक्कं केलेलं असतं. आता बाईंना तोंड कसं दाखवायचं? उलट बाईंना न विचारताच सरांना नाव आणि नंबर देऊन मोकळ्या झालात तर अनोळखी माणसाचा फोन थेट बाईंना जातो, त्या वर्गावर असतात, काही कळत नाही, "नाही जमणार" म्हणून ठेवून देतात. दोन्ही प्रकार माझ्यासमोर झालेले आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा. सरांना आजच नाही सांगा आणि म्हणा की एक नाव मनात आहे, त्यांना विचारून उद्या कळवते. मग बाईंना विचारा, पण शब्द जपून: "तुमचं नाव सुचवू का? बोलावतीलच असं नाही, ठरवणार ते." बाई हो म्हणाल्या की सरांना सविस्तर लिहा. सर पुढं जायचं म्हणाले की नंबर द्या. तिथून तुम्ही बाजूला.

कापूसकोंड्या

एवढी सरकारी फाईल? चार-पाच नावं एकदम टाकून द्यायची व्हॉट्सॲपवर, त्यांचं त्यांनी बघावं. एखादा तरी हो म्हणेलच.

ताई परभणीकर

@कापूसकोंड्या, अर्धं बरोबर आहे तुमचं. एकच नाव दिलं आणि ते फसलं तर आम्ही परत तुमच्याच दारात, म्हणून दुसरं नाव असावं. पण पाच नावं आली की आम्ही पाचांना एकाच दुपारी फोन लावतो आणि दोघं हो म्हणतात. मग त्यातल्या एकाला 'अध्यक्षीय समारोप' असं काहीतरी करून बसवावं लागतं. दोन नावं द्या, पहिलं कोणतं आणि का ते सांगा.

शिलालेखवाली

काका, क्रम पटला. पण सरांना फोन करू की मेसेज? फोनवर मी हो म्हणून बसेन याची मला खात्री आहे. सरांचा आवाज ऐकला की मी अजून दुसऱ्या बाकावर बसलेली असते.

बालाघाट

मग मेसेजच करा. लिहिलेलं नाही मागे फिरत नाही.

गोदातीर

मी फोन म्हणेन. गुरूंना मेसेजवर नाही म्हणणं आमच्या पिढीला बोचतं. सर माझ्या वयाचे असतील.

ताई परभणीकर

काका, आमच्या पिढीच्या बायकांना फोनवर गळ घातली जाते त्याचं काय? "तुम्ही नाही आलात तर स्टेजवर एकही बाई नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. आणि विषय 'स्त्रिया' असला की ते हमखास येतं. मी आधी मेसेज करते आणि त्यात लिहिते की संध्याकाळी फोन करते. म्हणजे फोन होतो तेव्हा निर्णय झालेला असतो, बोलणं फक्त नावाचं उरतं.

गोदातीर

हे मला सुचलं नव्हतं. तरी मी फोनच करीन, पण माझी गोष्ट वेगळी, मला कुणी गळ घालत नाही आता.

रानमेवा

मी बराच वेळ नुसती वाचत होते. आता माझं सांगते, कारण मी तुमच्या त्या 'दुसऱ्या नावा'च्या जागी होते.

एका मोठ्या प्राध्यापकांनी एका कार्यक्रमाला नाही म्हणून माझं नाव दिलं. मला वाटलं मला माझ्या कामासाठी बोलावलंय. सूत्रसंचालकांनी माझी ओळखच अशी करून दिली: "आदरणीय सर काही कारणास्तव येऊ शकले नाहीत, त्यांच्याऐवजी आज आपल्यात..." समोरच्या रांगेतले दोघं तेवढ्यावर उठून गेले. नंतर चहाला कळलं की सरांना घरून न्यायला गाडी जाणार होती आणि पाकीटही ठरलं होतं. मी एसटीनं गेले होते. मला शाल, नारळ आणि एक वॉल क्लॉक मिळालं. वॉल क्लॉक घेऊन एसटीत उभं राहणं काय असतं ते उभं राहिल्यावरच कळतं.

सरांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्यावर राग नाही. पण दोन गोष्टी त्यांनी मला सांगायला हव्या होत्या: की आधी त्यांना विचारलं होतं, आणि त्यांना काय देऊ केलं होतं.

साधा श्रोता

आधी मला विचारलं होतं हे सांगणं मला बरोबर वाटत नाही. ऐकणाऱ्याला उगाच कमीपणा.

रानमेवा

@साधा श्रोता, मग ते व्यासपीठावरून कळलेलं बरं का?

गोदातीर

रानमेवाताईंच्या बाजूनं मी. ते कळतंच. खासगीत आधी कळलं तर माणूस ठरवू शकतो. आणि संयोजकाला स्पष्ट सांगून ठेवावं की ओळख करून देताना माझं नाव घेऊ नका. सांगितल्याशिवाय सूत्रसंचालकाला ते सुचत नाही, त्याच्या हातात जुना कागद असतो.

मानधनाचं मात्र माझं पक्कं मत नाही. तुम्हाला देऊ केलेला आकडा दुसऱ्याला सांगणं म्हणजे संयोजकाचं खासगी बोलणं उघड करणं, असंही वाटतं. "प्रवास आणि मानधनाचं आधीच विचारून घ्या, इथं दोन्हीची तरतूद आहे" एवढं सांगितलं तरी पुरावं.

रानमेवा

एवढं पुरत नाही काका. तरतूद आहे हे वाचून मी काय विचारणार? किती आहे हो? मला लाजच वाटली असती. आकडा कळला असता तर नुसतं "गाडीचं कसं करताय?" एवढं तरी विचारलं असतं.

उदगीरचा पाहुणा

मी काय म्हणूलालो, ते घड्याळ चालू हाय का अजून?

रानमेवा

चालू आहे. पाच मिनिटं पुढं जातं.

शाळामास्तर

मी हिंगोली जिल्ह्यातच जि. प. शाळेवर आहे. तुम्ही सगळे फोन, मेसेज, मानधन बोलायलात, पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. १७ सप्टेंबरला आमच्या शाळांत झेंडावंदन असतं. बाईंना सकाळी शाळेवर हजर राहावंच लागतं. ते, प्रभातफेरी, पोरांची भाषणं, खाऊवाटप, हे सगळं उरकून निघायचं म्हणजे परभणीला पोचायला दुपार. परिसंवाद सकाळी दहाचा असला तर बाईंनी हो म्हणूनही त्या येऊ शकणार नाहीत. मुख्याध्यापकांना आधी सांगावं लागेल. महाविद्यालयाचं रीतसर पत्र असलं तर सोपं जातं, फोनवरच्या आमंत्रणावर आमच्याकडं कुणी सोडत नाही.

शिलालेखवाली

@शाळामास्तर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परिसंवाद साडेदहाला सुरू आहे.

ताई परभणीकर

मग बाईंना शेवटचा क्रम मागा. चारजणांचे वीस-वीस मिनिटं, उद्घाटन, सत्कार, दीपप्रज्वलन धरलं तर साडेदहाचा कार्यक्रम बारानंतरच विषयावर येतो. शेवटचा वक्ता दीडला उभा राहिला तरी नवल नाही. आणि पत्राचं तुमच्या सरांना पहिल्याच मेसेजमध्ये सांगा, महाविद्यालयातून पत्र निघायला वेळ लागतो.

अजून एक आतली गोष्ट. महाविद्यालयं वक्त्याचं पदनाम बघतात ते केवळ मोठेपणासाठी नाही. अहवालात परिसंवाद दाखवायचा असतो, त्यात वक्ता कुठल्या संस्थेचा, काय पद, बायोडाटा, फोटो, सगळं जोडावं लागतं. प्राचार्य "शिक्षिका? प्राध्यापक नाही मिळाल्या का?" असं म्हणतील ते या कागदामुळं. त्यामुळं तुम्ही बाईंची ओळख लिहूनच द्या. 'मौखिक इतिहासाच्या संकलक' असं. आणि भाषणाचं शीर्षकही सुचवा. कागदावर रकाना भरला की प्राचार्यांची हरकत निम्मी होते.

नळदुर्गकर

'संकलक' लिहिलं की वक्ता प्राध्यापक होतो का? उद्या मीही 'ज्वारीचे अभ्यासक' लिहीन.

ताई परभणीकर

लिहा की. हुरड्याला बोलावू.

शिलालेखवाली

मसुदा लिहिलाय. झोडपा.

"आदरणीय सर, सादर प्रणाम. आपण मला आठवणीनं बोलावलंत हे माझं भाग्य समजते. आपल्यासारख्या गुरुवर्यांच्या आमंत्रणाला नकार देताना मनाला फार यातना होत आहेत. परंतु सध्या कामाचा व्याप, परीक्षांची कामं आणि विषयाचा माझा अपुरा अभ्यास यांमुळे कदाचित मला येणं शक्य होईल असं वाटत नाही. तरी आपण कृपया मोठ्या मनानं समजून घ्यावं. हिंगोलीच्या एक शिक्षिका आहेत, त्या खूप छान बोलतात, त्यांचा विचार व्हावा ही नम्र विनंती."

बालाघाट

यातना काढा. परिसंवाद आहे, शस्त्रक्रिया नाही.

गोदातीर

'कदाचित' आणि 'असं वाटत नाही' या दोन्हींमुळं सर याला होकारच समजतील. व्याप आणि परीक्षा काढा, मी वर म्हटलं तेच, एकच कारण. आणि बाईंबद्दलचं वाक्य सर्वांत शेवटी, सर्वांत पातळ आलंय. तुमचा सगळा जीव तिथं आहे ना?

शिलालेखवाली

पुन्हा लिहिलं. बाईंशीही बोलले. त्यांचा पहिला प्रश्न, "मी? स्टेजवर?" दुसरा प्रश्न, "आवाज ऐकवता येतील का?" आधी मला विचारलं होतं हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मग काय झालं, लग्नातही पहिल्यांदा थोरलीलाच बघायला येतात." मी काय बोलणार!

आता असं आहे:

"सर, सादर नमस्कार. १७ तारखेच्या परिसंवादात मी बोलू शकणार नाही. माझं काम यादवांच्या शिलालेखांचं. मुक्तिसंग्रामातल्या स्त्रियांवर मी स्वतः काही शोधलेलं नाही, आणि तारीख बदलली तरी माझी ही अडचण तीच राहील. या विषयासाठी एक नाव सुचवते. हिंगोली जिल्ह्यातल्या एक प्राथमिक शिक्षिका. सरहद्दीलगतच्या गावांतल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी त्यांनी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केल्या आहेत. मी त्यांना अर्धा तास ऐकलं आहे. कागद न बघता आणि वेळेत बोलतात. त्यांना विचारलं, सकाळचं शाळेचं झेंडावंदन करून त्या साडेबारापर्यंत पोचू शकतात, म्हणून शेवटचा क्रम द्यावा लागेल आणि मुख्याध्यापकांसाठी महाविद्यालयाचं पत्र लागेल. आपण हो म्हणालात की नंबर पाठवते. दुसरं कुणी ठरलं असेल तरी चालेल, त्यांना तशी कल्पना दिली आहे. त्यांची ओळख करून देताना माझा उल्लेख नको, एवढी विनंती. संध्याकाळी सात वाजता फोन करते."

ताई परभणीकर

पाठवा. हा मेसेज मला आला असता तर मी तो तसाच प्राचार्यांना पुढं ढकलला असता. संयोजकाला तेवढंच हवं असतं.

गोदातीर

छान. शेवटून दुसरं वाक्य फोनवर सांगितलं तरी चाललं असतं, पण असू द्या.

कापूसकोंड्या

कंबरेचं कुठंच घेतलं नाही. बरं.

शिलालेखवाली

फोन झाला. सर आधी गप्प होते. मग म्हणाले, "यादवांचं तू करतेस हे मला माहीत आहे गं, मीच तुला त्या लेखांकडं पाठवलं होतं. बाईमाणूस पाहिजे होतं म्हणून तुझं नाव घेतलं." म्हणजे ताईंचं म्हणणं खरं निघालं. बाईंचं नाव त्यांना आवडलं, प्राचार्यांशी बोलून उद्या सांगतो म्हणाले. पण लगेच पुढं: "तू बोलू नकोस, अध्यक्षस्थानी बस. अध्यक्षाला कुठं विषय लागतो?"

उदगीरचा पाहुणा

समोरचं दार लावलं तर मागच्या दारानं आले की सर 😄

साधा श्रोता

बसा की. गुरूंचा मान राहील, बाईंनाही ओळखीचा चेहरा दिसेल.

रानमेवा

नका बसू. अध्यक्ष म्हणून तुम्ही शेवटी बोलणार, म्हणजे बाईंच्या नंतर. बाईंच्या त्या आजीचा आवाज ऐकून लोक बसलेले असतील आणि तुम्हाला त्यावर 'समारोप' करावा लागेल.

गोदातीर

मला दोन्ही पटतंय. पण एक सांगतो, 'मग नुसती ऐकायला येते' असं सरांना म्हणू नका. समोर बसलात की 'आपल्यात मान्यवर उपस्थित आहेत, दोन शब्द' होतंच. जायचं तर कार्यक्रम सुरू झाल्यावर जा आणि मागं बसा.

शिलालेखवाली

अध्यक्षपदाचं अजून उत्तर दिलेलं नाही. देईन उद्या, 'बघते' म्हणालेले नाही एवढं नक्की. तोवर बाईंचा प्रश्न राहिलाय. रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये आहेत, सभागृहात ऐकवायची कशी? कार्यशाळेत मोबाईल माईकला धरला होता, निम्मं कळलं नव्हतं.

शाळामास्तर

साऊंडवाल्याकडं मिक्सरला लावायची वायर असते. मात्र बऱ्याच नव्या मोबाईलना हेडफोनचं भोक नसतं, त्याची जोडणी बाईंनी सोबत आणावी. नाहीतर आवाजाच्या फाईली पेन ड्राईव्हवर टाकून कॉलेजच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशीच वाजवून बघायला सांगा. ज्या आजी गेल्यात त्यांच्या घरच्यांना विचारलंय का तेही बघा, गावात कुणाचं नाव कुणाला लागतं सांगता येत नाही.

बालाघाट

आणि गोवरी ओली झाल्यावर पुढं काय झालं ते बाईंना विचारून इथं लिहा. आम्ही परभणीला येऊ शकत नाही.